पावणेपाच तास

हिशोब मंदारने आदल्या रात्री पेन्सिलीने केला होता. नकाशावर दोरा ठेवून वाट मोजली, चौदा किलोमीटर भरली. एकूण चढ बाराशे मीटर. नेस्मिथचा १८९२चा नियम त्याला तोंडपाठ होता: पाच किलोमीटरला एक तास, वर दर सहाशे मीटर चढाला आणखी एक. म्हणजे चार तास अठ्ठेचाळीस मिनिटं. वरची तीन मिनिटं त्याने खोडली, आपण काय अगदीच नवखे नाही म्हणून.

"साडेसातला निघालो तर सव्वाबाराला खाली," तो म्हणाला. "दोनला तुला फोन करतो, आई. चारपर्यंत आला नाही तर मात्र चौकशी कर."

आईने "चार" एवढंच लक्षात ठेवलं.

सुभाषमामा तो कागद बराच वेळ बघत बसले होते. "यात थांबणं कुठंय?" त्यांनी विचारलं.

"थांबायचं कशाला?"

मामांनी उजव्या गुडघ्यावर पट्टा चढवला आणि पुढे काही बोलले नाहीत.

पहिला तास अगदी कागदावरच्यासारखा गेला. सायली पुढे, मामा मधे, मंदार मागून घड्याळ बघत. पठारावर पोचले तेव्हा सात मिनिटं हातात होती आणि त्याने ती मोठ्याने सांगितलीसुद्धा.

मग धार लागली. नकाशावर ही धार साधी होती, दोन कंटूरच्या मधून सरळ गेलेली. कंटूर म्हणजे सारख्या उंचीची रेषा, दर वीस मीटरला एक. दोन रेषांच्या मधे बसणारा बारा-पंधरा मीटरचा उतार आणि लगेच तेवढाच चढ नकाशाला दिसतच नाही. असले उंचवटे ओळीने आले. मंदारने नऊपर्यंत मोजले आणि मग मोजणं सोडलं. प्रत्येकावरून उतरताना मामा आधी काठी टेकवत, मग उजवा पाय, मग डावा त्याच्या शेजारी आणून ठेवत. लहान मूल जिना उतरतं तसं.

सव्वाबारा वाजले तेव्हा माथा समोर होता. समोर म्हणजे खिंडीच्या पलीकडे.

"एवढंच राहिलंय," मंदार म्हणाला.

"हे तू मघाशी पण म्हणालास," सायली म्हणाली. "आणि त्याच्या आधी पण."

माथ्यावर पोचायला पावणेदोन झाले. तिथे फोनला रेंज असेल असं त्याने धरलं होतं, तेही कागदावर न लिहिता. रेंज नव्हती. खिशातला कागद घामाने मऊ पडला होता, अठ्ठेचाळीसमधला आठ पुसून चारच उरला होता. चार तास चार मिनिटं. त्याला हसू आलं आणि लगेच रागही आला. नियमाचा दोष नव्हता. तो धडधाकट माणसाच्या नीट वाटेवरच्या चालण्याचा होता, त्यात थांबणं धरलेलंच नव्हतं. मामांनी आदल्या रात्री नेमकं तेच विचारलं होतं.

"इथूनच मागे फिरू या का?" त्याने विचारलं.

"त्या नऊ टेकाडांवरून?" मामा म्हणाले. "पुढूनच उतरू."

उतार त्याच्या हिशोबात फुकट होता, उतरायला कुठे जोर लागतो! प्रत्यक्षात पुढच्या बाजूला घसारा होता, सुटी खडी, पाय टाकला की वीतभर खाली जाणारी. मामांचा गुडघा तिसऱ्याच वळणावर बोलला. त्यानंतर ते आडवे होऊन उतरायला लागले, एक हात मंदारच्या खांद्यावर. दर वीस-पंचवीस पावलांनी तो हात घट्ट होई, मग सगळे थांबत. मंदारने घड्याळ काढून पिशवीत टाकलं.

पाणी चारच्या सुमारास संपलं. चार वाजल्याचं आठवून सायली एकदम म्हणाली, "आईने फोन केला असेल."

कोणीच काही बोललं नाही.

ओढ्याशी आले तेव्हा दरीत अंधार भरला होता, वर माथ्याला अजून ऊन होतं. विजेरी एकच, सायलीची. पावणेपाच तासांच्या वाटेला विजेरी कशाला, असं मंदारने सकाळी तिला ऐकवलं होतं. आता सायली तीच विजेरी मामांच्या पायांपुढे धरून उलटी, पाठमोरी उतरत होती, आणि मंदार तिला मागचे दगड सांगत होता.

सव्वासात वाजता खालच्या झाडीत दिवे हलताना दिसले. तीन होते, मग पाच. कोणीतरी हाक मारली. सायलीने विजेरी फिरवली, मंदारने ओ दिली आणि आवाज निम्म्यात फुटला.

"लागलंय का कुणाला?" खालून प्रश्न आला.

"गुडघा," मामांनी ओरडून सांगितलं. "चालतोय, हळू."

"किती वेळ लागेल इथवर यायला?"

मामांनी आणि सायलीने मंदारकडे पाहिलं. त्याने खालच्या दिव्यांकडे बघितलं, मधल्या काळोखाकडे बघितलं.

"तुम्हीच वर या," तो ओरडला. "आणि पाणी आणा."