मृगाचा पाऊस आणि खेकडा भजी

मृग लागला आणि आज संध्याकाळी आला एकदाचा! खिडकीतून रोज दिसणारी पर्वती पार दिसेनाशी झालीये, बघा.

गॅसवर चहा. किसलेलं आलं, गवती चहाची पाती, दणकून उकळी आली की मगच दूध.

आणि खेकडा भजी! कांदा उभा चिरायचा, मीठ चोळून ठेवायचा. त्याला सुटलेल्या पाण्यातच बेसन कालवायचं, वरून पाणी घातलं की कुरकुरीतपणा गेलाच.

ही आजीची पद्धत. आम्ही शाळेतून दप्तरासकट भिजून यायचो. ती रागवायची नाही. पदरानं डोकं खसाखसा पुसायची आणि पहिला घाणा आमच्या पुढ्यात. फार आठवते आज.

चला, तेल तापलंय. मिरच्याही तळून घेते.