साप्ताहिक प्रगती अहवाल: संत्रा लिलाव व हिशोबपट्टी प्रणाली, नागपूर

आठवडा: 15 ते 19 सप्टेंबर 2025
प्रति: व्यवसाय प्रमुख, डिलिव्हरी प्रमुख
प्रत: ग्राहकाचे सचिव
एकूण स्थिती: लाल (गेल्या आठवड्यात पिवळा)
गो-लाइव्ह: सोमवार, 6 ऑक्टोबर

पाचपैकी तीन कामं हिरवी असताना एकूण रंग लाल का, असं कोणी विचारेल. ओटीपी आल्याशिवाय शेतकऱ्याला लॉगिनच करता येत नाही, म्हणून.

लाल: एसएमएस आणि ओटीपी
ट्रायच्या नियमांप्रमाणे ग्राहक संस्थेची डीएलटी नोंदणी, हेडर आणि मेसेजचे टेम्प्लेट मंजूर असावे लागतात; नसतील तर टेलिकॉम कंपनी मेसेज अडवते. आपला कोड तयार आहे. नोंदणी ग्राहकाच्याच नावाने व्हायला हवी आणि त्यासाठी पॅन, जीएसटी व अधिकृत सहीचं पत्र लागतं. 8 तारखेला मेल केला, 12 ला आठवण दिली, 16 ला फोन केला. तिन्ही वेळा "साहेब आले की सही होते" एवढंच उत्तर मिळालं.

*एस्कलेशन:* व्यवसाय प्रमुखांनी सोमवारी, 22 तारखेला थेट सचिवांशी बोलावं. कागद बुधवार, 24 तारखेपर्यंत हातात हवेत. त्यानंतर मंजुरी आणि चाचणीला दिवस पुरणार नाहीत.
*न झाल्यास:* 6 तारखेला फक्त अडत्यांचं काउंटर पासवर्डवर सुरू करू, शेतकऱ्यांना पट्टी छापून देऊ आणि मोबाइल ॲप मागाहून आणू. हा पर्याय मान्य आहे का, ते डिलिव्हरी प्रमुखांनी गुरुवारी, 25 ला सांगावं. आंबिया बहाराची आवक वाढायच्या आत काउंटर चालू झालेलं बरं, असं माझं मत.

पिवळा: वजनकाटा
कळमन्यातल्या काट्यावर माल ठेवताना आकडा हलत असतो आणि आपला प्रोग्राम तोच उचलत होता. आता काट्याकडून येणाऱ्या ओळीच्या सुरुवातीला `US`, म्हणजे अस्थिर, असेल तर वजन सोडून देतो, `ST`, म्हणजे स्थिर, आलं की घेतो. आपल्याकडचा काटा नीट चालतो. बाजारातल्या काट्यावरची चाचणी मंगळवारी. जबाबदारी हार्डवेअर टीमची. तिथे चाचणी फसली तर बुधवारी हे काम लाल होईल.

हिरवा
लिलाव नोंद पूर्ण. हिशोबपट्टीत हमाली-तोलाईचा हिशोब जुळला. अडत शेतकऱ्याकडून न कापता खरेदीदाराच्या नावे पडते, हे मुद्दाम पुन्हा तपासलं. सर्व्हर ठीक.

पुढच्या आठवड्यात
अडत्यांचं प्रशिक्षण 26 आणि 27 ला, दुपारी लिलाव आटोपल्यावर. 2 ऑक्टोबरला दसरा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन आहे. त्या दिवसांत दीक्षाभूमी परिसरातून ये-जा अवघड असते, म्हणून 1 ते 3 ला बाजारातलं कोणतंही काम ठेवलेलं नाही.

प्रकल्प व्यवस्थापक