पदवी व गुणपत्रकांची पडताळणी आणि अपोस्टिलसाठी विद्यापीठस्तरीय साक्षांकन मिळण्याबाबत अर्ज

दिनांक : १६ जून २०२५
ठिकाण : अंबाजोगाई

प्रति,
मा. संचालक,
परीक्षा व मूल्यमापन मंडळ,
डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ,
छत्रपती संभाजीनगर.

अर्जदार : वैशाली रामदास गित्ते (लग्नानंतरचे नाव वैशाली अभिजित शिंदे), रा. अंबाजोगाई, जि. बीड.

विषय : इटलीतील उच्च शिक्षणासाठी बी.एस्सी. व एम.एस्सी. पदवी प्रमाणपत्रे आणि गुणांचे उतारे यांची पडताळणी करून सही-शिक्क्यासह साक्षांकन मिळणेबाबत.

महोदय,

मी आपल्या विद्यापीठाची माजी विद्यार्थिनी आहे. अंबाजोगाई येथील संलग्न महाविद्यालयातून २०१७ साली बी.एस्सी. आणि विद्यापीठ परिसरातून २०१९ साली रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले. यंदा मिलान येथील एका विद्यापीठात पदार्थविज्ञानाशी संबंधित पदव्युत्तर अभ्यासक्रमाला मला सशर्त प्रवेश मिळाला आहे. माझ्या पदव्या अपोस्टिल होऊन पोहोचल्या पाहिजेत, ही त्यातली अट आहे. वर्ग सप्टेंबरअखेर सुरू होतील आणि मुंबईतील इटलीच्या वाणिज्य दूतावासात व्हिसासाठी २१ ऑगस्टची वेळ मिळाली आहे. त्याआधी कागद विद्यापीठ, मंत्रालय आणि परराष्ट्र मंत्रालय या तिन्ही ठिकाणांहून फिरून यायचे आहेत. पहिला मुक्काम आपल्याकडे आहे, म्हणून हा अर्ज.

माझे काम आखाती देशांच्या कामापेक्षा थोडे वेगळे आहे. संयुक्त अरब अमिरातीसारखा देश अपोस्टिल करारात नाही. तिकडे जाणाऱ्याला परराष्ट्र मंत्रालयाच्या साक्षांकनानंतर त्या देशाच्या दूतावासाचाही शिक्का घ्यावा लागतो. इटली १९७८ पासून ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारात आहे आणि भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे. त्यामुळे परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल लागले की कागदाच्या कायदेशीर मान्यतेसाठी दूतावासाचा वेगळा शिक्का लागत नाही. कृपया शेऱ्यात देश म्हणून ‘इटली’ आणि प्रयोजन म्हणून ‘अपोस्टिल’ असे स्पष्ट लिहावे. ‘परदेशी वापरासाठी’ एवढेच लिहिले तर पुढच्या टेबलावर पुन्हा विचारणा होते.

अपोस्टिल हे माझ्या गुणांचे किंवा ज्ञानाचे प्रमाणपत्र नाही. कागदावरची सही खरी आहे, सही करणारी व्यक्ती त्या पदावर होती आणि शिक्का त्याच कार्यालयाचा आहे, एवढेच ते सांगते. म्हणजे दिल्लीतल्या त्या स्टिकरचा सगळा भार आपल्या कार्यालयातल्या एका सहीवर आहे. सही कोणाची हे वाचता आले नाही, तर मंत्रालयातला कर्मचारी कागद बाजूला ठेवणार आणि त्याला दोषही देता येणार नाही. म्हणून विनंती अशी की, ज्यांच्या सहीचा नमुना राज्य शासनाकडे नोंदलेला आहे अशाच अधिकाऱ्यांची सही व्हावी. सहीखाली त्यांचे पूर्ण नाव, पदनाम व दिनांक असावा आणि गोल शिक्का अक्षरांवर न येता शेजारी उमटावा. दोन्ही पदव्यांची मागची बाजू कोरी आहे, लॅमिनेशन केलेले नाही. साक्षांकन मागे, वरच्या अर्ध्या भागात घेतले तर खाली मंत्रालयाचा शिक्का आणि अपोस्टिलचे स्टिकर यांना जागा उरेल.

आता नावाचा विषय. यात तीन गोष्टी आहेत आणि तिन्हींचा निकाल आपल्याकडेच लागू शकतो.

पहिली, आडनावाचे स्पेलिंग. दहावीचे प्रमाणपत्र, दोन्ही पदव्या आणि एम.एस्सी.ची चारही गुणपत्रके यांत ‘गित्ते’ हे इंग्रजीत दोन ‘टी’ घालून लिहिले आहे. फक्त बी.एस्सी. तिसऱ्या सत्राच्या गुणपत्रकावर एकच ‘टी’ आहे. त्या सत्राचा परीक्षा अर्ज महाविद्यालयात सामूहिकरीत्या भरला गेला होता आणि अर्जात जसे होते तसेच गुणपत्रकावर आले. एरवी हे कोणाच्या लक्षातही आले नसते. पण परदेशी प्रवेश कार्यालयाला ‘गिते’ आणि ‘गित्ते’ ही दोन माणसे वाटू शकतात आणि अपोस्टिल मजकूर तपासत नसल्याने चूक स्टिकरसकट तिकडे जाईल. त्यामुळे आधी नोंद दुरुस्त करून मग दुरुस्त नोंदीवरून गुणांचा एकत्रित उतारा द्यावा, अशी विनंती आहे. दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र, दहावीचे प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला आणि महाविद्यालयाच्या प्राचार्यांचे पत्र जोडले आहे. मूळ गुणपत्रक जमा करायचे असल्यास माझा भाऊ सोबत आणत आहे.

दुसरी, लग्नानंतरचे नाव. माझा पासपोर्ट ‘वैशाली अभिजित शिंदे’ या नावाने आहे. पदवीवरचे नाव बदलावे अशी माझी मागणी मुळीच नाही. पदवी ज्या नावाने मिळाली त्याच नावाने राहावी. साक्षांकनाच्या शेऱ्यातही ‘वैशाली रामदास गित्ते’ हेच नाव असावे. दोन नावे एकाच व्यक्तीची आहेत हे मी विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्रातील नावबदलाची नोंद यांवरून दाखवणार आहे. विवाह प्रमाणपत्र वैयक्तिक कागद असल्याने त्याचे अपोस्टिल वेगळ्या मार्गाने सुरू केले आहे, आपल्यावर त्याचा भार नाही. आपल्या माहितीसाठी दोन्हींच्या छायाप्रती जोडल्या आहेत.

तिसरी, शहराचे नाव. माझ्या दोन्ही पदव्यांवर ‘औरंगाबाद’ आहे. शहराचे नाव २०२३ मध्ये बदलले, त्यामुळे आजच्या शिक्क्यावर व पत्रशीर्षावर ‘छत्रपती संभाजीनगर’ येईल. आपल्या भागात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, मिलानच्या टेबलावर मात्र नाही. एका कागदावर पुढे एक शहर आणि मागे दुसरे शहर दिसले की पहिला संशय बनावटपणाचा येतो. म्हणून विद्यापीठाच्या पत्रशीर्षावर इंग्रजीत दोन ओळींचे पत्र मिळावे, ही खास विनंती. विद्यापीठ तेच आहे, २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झालेले, १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झालेले आणि फक्त शहराचे नाव बदललेले, एवढा मजकूर पुरेसा आहे. मसुदा टंकलिखित करून जोडला आहे, आपण हवा तसा बदलावा. परदेशी जाणारे इतर विद्यार्थी यापुढे हाच प्रश्न घेऊन येतील, त्यांनाही असे पत्र उपयोगी पडेल असे वाटते.

संभाजीनगरच्या एका एजंटने मला ‘विद्यापीठात कशाला जाता, एसडीएम साहेबांच्या सहीवरून अपोस्टिल करून देतो’ असे सुचवले होते. तो मार्ग अस्तित्वात आहे, पण त्यात माझी पदवी खरी आहे की नाही हे पदवी देणाऱ्याला कोणी विचारतच नाही आणि काही ठिकाणी शैक्षणिक कागद तसे चालत नाहीत. मला पडताळणी विद्यापीठाचीच हवी आहे, थोडा वेळ जास्त लागला तरी.

आपल्या साक्षांकनानंतर कागद राज्यस्तरीय प्रमाणीकरणासाठी मंत्रालयात आणि तिथून परराष्ट्र मंत्रालयाकडे जातील. परराष्ट्र मंत्रालय २०१२ पासून नागरिकांकडून थेट कागद स्वीकारत नाही, म्हणून तेवढा टप्पा अधिकृत सेवा संस्थेमार्फत होईल. तिथे अपोस्टिलचे शासकीय शुल्क दर कागदाला ५० रुपये आणि संस्थेचा आकार वेगळा आहे. यातून दिवस वाचवण्याचा एक मार्ग आपल्या हातात आहे. मंत्रालयाकडून किंवा मिलानच्या विद्यापीठाकडून पडताळणीची विचारणा आली, तर तिचे उत्तर विद्यापीठाच्या अधिकृत ईमेलवरून जावे आणि त्यात आपला जावक क्रमांक असावा. माझ्या नोंदी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-सनद या ऑनलाइन व्यवस्थेतून देता येत असतील, तर मूळ कागद पाठवण्याऐवजी तो मार्गही मला चालेल. त्यासाठी लागणारी संमती याच अर्जाद्वारे देत आहे.

एकूण पाच कागदांवर साक्षांकन हवे आहे : बी.एस्सी. पदवी, एम.एस्सी. पदवी, दोन्हींचे गुणांचे एकत्रित उतारे आणि शहराच्या नावाबाबतचे पत्र. उतारे इंग्रजीत असावेत. विहित शुल्क ऑनलाइन भरले असून पावती जोडली आहे. उताऱ्यांच्या वाढीव प्रतींसाठी काही फरक निघत असल्यास भाऊ जागेवर भरेल.

मी सध्या नोकरीनिमित्त पुण्यात असते. त्यामुळे माझा धाकटा भाऊ सुदर्शन रामदास गित्ते यास अर्ज व मूळ कागद सादर करण्याचा, दुरुस्तीच्या कागदांवर पोच म्हणून सही करण्याचा आणि तयार कागद ताब्यात घेण्याचा अधिकार दिला आहे. अधिकारपत्र व दोघांची ओळखपत्रे जोडली आहेत. एक विनंती आहे. मूळ पदव्या दाखवून लगेच परत मिळत असतील तर उत्तम. ठेवून घ्यायच्या असतील, तर कागदांची नावे व क्रमांक लिहिलेली पोच भावाला द्यावी. एम.एस्सी.ची पदवी माझ्याकडे एकच आहे आणि तिची दुय्यम प्रत काढण्याइतका वेळ आता राहिलेला नाही.

नोंददुरुस्तीला वेळ लागणार असेल, तर तिच्यावाचून अडत नाहीत असे कागद, म्हणजे दोन्ही पदव्या, एम.एस्सी.चा उतारा आणि शहराबाबतचे पत्र, आधी साक्षांकित करून द्यावेत आणि बी.एस्सी.चा उतारा मागाहून द्यावा. चार कागद १० जुलैपर्यंत हाती आले तर पुढचे दोन टप्पे ऑगस्टच्या तारखेआधी बसतात. कागदात काही कमी असेल, तर तसे भावाला तोंडी न सांगता अर्जावरच लेखी शेरा द्यावा, म्हणजे मला इथून नेमकी पूर्तता करता येईल.

कळावे,

आपली विश्वासू,
(सही)
वैशाली रामदास गित्ते
(लग्नानंतरचे नाव : वैशाली अभिजित शिंदे)

सोबत : मूळ बी.एस्सी. व एम.एस्सी. पदव्या आणि त्यांच्या छायाप्रती, सर्व सत्रांची गुणपत्रके, दहावीचे प्रमाणपत्र व शाळा सोडल्याचा दाखला, स्पेलिंग दुरुस्तीचे प्रतिज्ञापत्र आणि प्राचार्यांचे पत्र, पासपोर्ट, विवाह नोंदणी प्रमाणपत्र व राजपत्र यांच्या छायाप्रती, मिलानच्या विद्यापीठाचे प्रवेशपत्र, व्हिसा भेटीची पुष्टी, शहराच्या नावाबाबतच्या पत्राचा मसुदा, शुल्काची पावती, अधिकारपत्र, पत्ता लिहिलेले, स्पीड पोस्टची तिकिटे लावलेले पाकीट.

अधिकारपत्र

मी, वैशाली रामदास गित्ते, माझा भाऊ सुदर्शन रामदास गित्ते, रा. अंबाजोगाई, जि. बीड, यास वरील अर्जासंबंधी विद्यापीठात माझ्या वतीने कागद सादर करण्याचा, शुल्क भरण्याचा, पोच घेण्याचा आणि साक्षांकित कागद स्वीकारण्याचा अधिकार देत आहे. त्याने घेतलेले कागद मी घेतले असे समजावे. हे अधिकारपत्र ३१ ऑगस्ट २०२५ पर्यंत लागू राहील. माझी सही पासपोर्टवरील सहीशी आणि सुदर्शनची सही त्याच्या आधार कार्डाच्या छायाप्रतीवरील सहीशी ताडून पाहावी.

(सही) वैशाली रामदास गित्ते
(सही) सुदर्शन रामदास गित्ते