विषय: नवीन सप्लायर नोंदणी, कोरुगेटेड बॉक्स: कागदपत्रं गुरुवार, १२ मार्चपर्यंत

आदरणीय शिर्केसाहेब,

नमस्कार. काल फोनवर "मराठीतच लिहा, मुलगा वाचून घेईल" म्हणालात, म्हणून मराठीत लिहिते आहे. बिलं मात्र नेहमीसारखी इंग्रजीतच पाठवा.

तुमचे नमुने आमच्या क्वालिटीवाल्यांनी पास केले. ५ प्लायची खोकी त्यांना विशेष आवडली. आता तुमचं नाव आमच्या सिस्टिममध्ये चढवायचं आहे. त्याशिवाय परचेस ऑर्डर निघत नाही, आणि पहिली गाडी बुधवार, १८ मार्चला मकरपुऱ्यात यायला हवी. १९ला पाडवा आहे, त्या दिवशी मी ऑफिसात नसेन.

नोंदणीसाठी जीएसटी सर्टिफिकेट (पोरच्या शेडचा पत्ता ज्या पानावर आहे तेही धरून सगळी पानं), पॅनकार्डाची प्रत, उद्यम सर्टिफिकेट आणि रद्द केलेला चेक पाठवा. फर्म प्रोप्रायटरी असल्यामुळे पॅन तुमचंच लागेल. जीएसटी नंबरातले पहिले दोन आकडे २४ म्हणजे गुजरात, आणि पुढची दहा अक्षरं हाच पॅन. दोन्ही जुळतात का ते मी पाहतेच, पण स्कॅन स्वच्छ हवा. मोबाईलवर तिरपा काढलेला फोटो कृपया नको, त्यातला ८ आणि बी ओळखता येत नाही.

बँकेच्या बाबतीत एक अडचण आहे. तुमच्या कोटेशनखाली छापलेलं खातं तुमच्या स्वतःच्या नावाचं बचत खातं आहे. आमच्याकडे पेमेंट फर्मच्या नावाच्या चालू खात्यातच जातं, म्हणून त्या खात्याचा चेक पाठवा. चेकवर फर्मचं नाव, खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड वाचता आला पाहिजे. मग आम्ही १ रुपया टाकून बघतो. तो पोहोचला की मला कळवा.

पुढे कधी खातं बदललं, तर नुसत्या मेलवर आम्ही बदल करणार नाही. कालच्याच नंबरवर मी स्वतः फोन करीन आणि नवा चेक मागीन. गेल्या वर्षी एका जुन्या सप्लायरच्या नावाने "आमचं खातं बदललं" असा मेल आला होता. पत्त्यात एकाच अक्षराचा फरक होता. फोन केला म्हणून पैसे वाचले. तेव्हा माझ्या नावानेही असा काही मेल आला, तर आधी मला फोन करा.

आता बिलाचं. कोटेशनमध्ये १२ टक्के जीएसटी लावलाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून कोरुगेटेड खोक्यांवर ५ टक्के आहे. दोघंही गुजरातमध्येच असल्यामुळे सीजीएसटी अडीच आणि एसजीएसटी अडीच. एचएसएन ४८१९. तुमच्या सीएंकडूनही एकदा खात्री करून सुधारित कोटेशन पाठवा.

बिल गाडीबरोबरच हवं, आणि त्यावर आमचा परचेस ऑर्डर नंबर हवाच. तो नसेल तर गेटवरचा माणूस गाडी आत घेत नाही, मग ड्रायव्हर मला फोन करतो आणि मी जेवणावरून उठते. गेट साडेचारला बंद होतं. बिलाची पीडीएफ त्याच दिवशी या मेलवर पाठवा. स्टोअरने माल मोजून पावती केली की ३० दिवसांत पेमेंट, हे ठरलंच आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला लेखी करार असला तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त थांबवता येत नाही, त्यामुळे उद्यम नंबर तुमच्याच फायद्याचा आहे.

खोकी ओलसर किंवा फाटकी निघाली तर बिलावर हाताने आकडे खोडू नका. क्रेडिट नोट द्या.

जीएसटीआर-१ तुम्ही दर महिन्याला भरता की तिमाही, ते कळवा. महिन्याला असेल तर ११ तारखेच्या आत, तिमाही असेल तर आमची बिलं १३च्या आत आयएफएफमध्ये टाका, तिमाहीच्या शेवटच्या महिन्याची मात्र १३च्या आत जीएसटीआर-१मध्येच. १४ला आमच्या टू-बीमध्ये बिल दिसलं नाही, तर मालाचे पैसे मिळतील, कराचे दिसेपर्यंत अडकतील. हा मालकांचा नियम आहे, माझा नाही.

कागद तुमचाच, आम्ही काही माल देत नाही, त्यामुळे हा ठेका नाही, विक्री आहे. टीडीएसचा प्रश्न वर्षाची खरेदी ५० लाखांवर गेली तरच येईल. तेवढी ऑर्डर मिळो!

३१ मार्चच्या आत निघालेला माल याच वर्षाच्या बिलात बसवा. १ एप्रिलपासून नवी सिरीज.

मुलाला काही अडलं तर दुपारी तीननंतर फोन करायला सांगा.

आपली,
वैशाली माने
लेखा विभाग, मकरपुरा, वडोदरा