सांदिपानची माणसं

सांदिपान आमच्या रूमवर आला तेव्हा त्याच्याकडं एक ट्रंक, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणि बी.ई. इलेक्ट्रिकलचं सर्टिफिकेट एवढंच होतं. परंडा तालुक्यातला, आधी डिप्लोमा मग डायरेक्ट सेकंड इयर, अशा वाटेनं इंजिनिअर झालेला. नोकरी लागली भोसरीत, मशिनींची इलेक्ट्रिकल कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत. रूम भोसरीतच, कॉट बेसिसवर, चार जणांत एक संडास. मी तिथला जुना मेंबर म्हणून त्याला मेस दाखवली, बसचे नंबर सांगितले, आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की हा माणूस दिवसभर कुणाशी बोलतच नाही.

लाजाळू नव्हता हो. गावाकडचा फोन आला की तासभर बोलायचा, कुणाची म्हैस व्याली, कुणाची मोटर जळाली, सगळं. पण कंपनीत जेवायच्या सुट्टीत लोक इएमआय आणि वीकेंडच्या गोव्याच्या गप्पा मारायचे तिथं ह्याला आत शिरायला फटच सापडायची नाही. गावात अनोळखी माणूस दिसला की "कुणाचा रं तू?" विचारलं की झालं, पुढं आजोबापर्यंत ओळख निघते. इथं कुणी कुणाचा नसतो, कुठल्या कंपनीचा तेवढं विचारतात, आणि ह्याच्या कंपनीचं नाव सांगितलं तरी समोरच्याचा चेहरा कोराच.

कुणीतरी त्याला सांगितलं नेटवर्किंग कर. म्हणून हा रविवारी चिंचवडच्या ऑटो क्लस्टरला ऑटोमेशनचं एक्झिबिशन बघायला गेला, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि संध्याकाळी पिशवीभर ब्रोशर, तीन पेन, एक कीचेन आणि व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा घेऊन आला. रात्री बसून सगळ्यांना व्हॉट्सॲप केलं, "नमस्कार सर, आज आपली भेट झाली, संपर्कात राहू." ब्ल्यू टिक आल्या. उत्तर एकाचंही नाही. मी म्हणलं अरे, संपर्कात राहून करायचं काय ते त्या माणसाला कळलं तर तो उत्तर देईल ना. माझं स्पष्ट मत आहे, ज्याच्याकडं विचारायला काही अडलेलं नाही त्यानं एक्झिबिशनला जाऊन फक्त चहा प्यावा. लिंक्डइनचंही तेच झालं, रिक्वेस्ट पाठवत सुटला आणि ज्यांनी ॲक्सेप्ट केल्या त्यातल्या निम्म्यांनी त्याला कोर्स विकायचा प्रयत्न केला.

खरी सुरुवात रफिकभाईंपासून झाली. रफिकभाई कंपनीचे वायरमन, पंचवीस-तीस वर्षं पॅनल बांधणारे, हातात क्रिंपिंग टूल म्हणजे जणू सहावं बोट. डिझाईनवाल्यांचं ड्रॉईंग आणि प्रत्यक्ष पॅनल ह्यांची गाठ कधी पडायची नाही, टर्मिनल नंबर एक लिहिलेला असायचा आणि आत जागा दुसरीच. रफिकभाई शिव्या घालत अंदाजानं करायचे. सांदिपान शिफ्ट सुटल्यावर घरी यायच्या ऐवजी त्यांच्याजवळ उभा राहायला लागला, का तर रूमवर येऊन करायचं काय. वायरीच्या टोकाला फेरूल कसा लावायचा, कंट्रोलच्या वायरी आणि पॉवरच्या वायरी वेगळ्या डक्टमधून का न्यायच्या, हे सगळं त्यांच्याकडून शिकला आणि बदल्यात त्यांना टर्मिनलचं नीट लिस्टिंग कागदावर काढून द्यायला लागला, मोठ्या अक्षरात, मराठीत शेरे मारून. रफिकभाईंचा चष्मा जाडा होता. त्यांना ते फार आवडलं.

मग एका शनिवारी रफिकभाईंनी त्याला गाडीवर मागं बसवून बुधवार पेठेत तापकीर गल्लीत नेलं आणि एका दुकानातल्या शेठना सांगितलं, "हा आपला पोरगा आहे, उधार मागंल तर द्या." आपला पोरगा! त्या रात्री सांदिपान रूमवर येऊन हे वाक्य दोनदा सांगून गेला.

दुसरी ओळख झाली कुलकर्णी मॅडमची आणि तिचा किस्सा जरा सविस्तर सांगायला पाहिजे.

कंपनीनं चाकणच्या एका प्लांटमध्ये पॅनल बसवलं होतं. पीएलसी म्हणजे मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, मोटरांचा वेग सांभाळणारे पाच ड्राइव्ह, सगळे आरएस-४८५ च्या एकाच केबलवर, मॉडबस नावाच्या भाषेत एकमेकांशी बोलणारे. ट्रायलला मस्त चाललं आणि प्रॉडक्शन सुरू झाल्यावर मोटरा एकदम चालू केल्या की कम्युनिकेशन तुटायचं, एचएमआयच्या स्क्रीनवर एरर आणि लाईन बंद. सिनियर सुट्टीवर, म्हणून रात्री ह्याला पाठवलं. तिथले मेंटेनन्सचे पवार साहेब म्हणजे भयंकर माणूस, दर दहा मिनिटांनी येऊन फक्त "किती वेळ?" एवढंच विचारायचे.

ह्यानं स्लेव्ह आयडी बघितले, बॉड रेट बघितला, पॅरिटी बघितली, सगळं बरोबर. एकच ड्राइव्ह चालू असला की नीट चालतंय, सगळे चालू केले की बोंब. म्हणजे सेटिंगचा घोळ नाही, नॉईजचा आहे, कुठूनतरी विजेची गडबड केबलमध्ये शिरतेय, एवढं त्याला कळलं पण पुढं काय ते सुचेना. तेव्हा त्याला त्या गठ्ठ्यातलं एक कार्ड आठवलं. ड्राइव्हवाल्या कंपनीच्या स्टॉलवर एका ॲप्लिकेशन इंजिनिअर बाईंना त्यानं काहीतरी वायरिंगचंच विचारलं होतं आणि त्यांनी मनापासून समजावलं होतं. रात्रीचे दहा वाजलेले. फोन करायची हिंमत नाही म्हणून मेसेज टाकला. तो मेसेज मी नंतर बघितलाय:

"मॅडम, एक्झिबिशनमध्ये भेटलो होतो. चाकणला साईटवर आहे. पाच ड्राइव्ह, मॉडबस आरटीयू, ९६००, आयडी १ ते ५. सगळे रन झाले की कम्युनिकेशन टाईमआऊट येतो, एकटा रन केला की येत नाही. केबल ट्रे आणि टर्मिनलचे फोटो पाठवतो. घाई नाही, सकाळी बघितलं तरी चालेल."

घाई नाही म्हणे! मागं पवार साहेब उभे. पण बघा, पहिल्या मेसेजमध्ये नुसता नमस्कार होता आणि ह्यात बघण्यासारखं काहीतरी होतं. थोड्या वेळात मॅडमचाच फोन आला. फोटोत त्यांना दोन गोष्टी दिसल्या, कम्युनिकेशनची केबल मोटरच्या केबलींबरोबर एकाच ट्रेमधून गेलेली आणि शेवटच्या ड्राइव्हला, टोकावरून सिग्नल उलटा फिरू नये म्हणून लावतात तो टर्मिनेशन रेझिस्टरच नाही. १२० ओहमचा रेझिस्टर लाईनच्या दोन्ही टोकांना पाहिजे, मधल्यांना नको. एवढ्या रात्री रेझिस्टर कुठून आणणार? पण मॅडमनी सांगितलं की ड्राइव्हवरच छोटा स्विच आहे, तो ऑन कर. तो केला, पीएलसीच्या टोकाला रेझिस्टर आधीपासूनच होता. मग पवार साहेबांचा एक हेल्पर घेऊन केबल ट्रेच्या बाहेर काढून लांबून बांधली. पहाटे लाईन चालू झाली ती परत बंद पडली नाही. पवार साहेबांनी "किती वेळ?" विचारायचं सोडून कँटीनचा चहा पाजला, आणि विचारलं, "गाव कुठलं तुझं?"

परंडा म्हणल्यावर ते म्हणाले, "अरे, माझी सासुरवाडी बार्शी." झालं. अर्धा तास बार्शीची भगवंताची यात्रा आणि परंड्याचा किल्ला.

आता इथं बहुतेक लोक थांबतात. काम झालं, विसरले. सांदिपाननं दुसऱ्या दिवशी मॅडमना मेसेज केला की नक्की काय केलं, आधी काय होतं आणि नंतर काय झालं, आणि दोन आठवडे गेल्यावर परत एकदा, की अजून व्यवस्थित चालू आहे. मॅडम त्याला नंतर म्हणाल्या, मला रोज लोक प्रॉब्लेम पाठवतात, पुढं काय झालं ते कुणीच कळवत नाही. तेव्हापासून त्या स्वतःहून त्याला फोन करायला लागल्या, अमुक साईटवर असं होतंय, तू कधी बघितलंयस का. ह्याला तर विश्वासच बसेना की मॅडम आपल्याला विचारतात.

त्यानं एक वही केली होती, दोनशे पानी, शाळेतल्यासारखी. कोण भेटला, कशातला जाणकार, मुलं कितवीत, गाव कुठलं. आम्ही हसायचो त्याला, म्हणायचो सोयरीक जुळवतोय का काय. पण एखाद्याच्या पोराचे दहावीचे पेपर संपले की हा बरोबर फोन करणार, कसे गेले म्हणून. आणि ते मतलबानं नव्हतं, गावाकडची विचारपूस होती ती, फक्त इकडं आल्यावर ती कुणाची करायची ते त्याला इतके दिवस कळत नव्हतं.

पुढं कंपनीत पगार लांबायला लागले, आज देतो उद्या देतो. सांदिपाननं कुणापुढं रडगाणं गायलं नाही पण रफिकभाईंनी पवार साहेबांच्या कानावर घातलं, पवार साहेबांनी ऑटोमेशनची कामं घेणाऱ्या एका ओळखीच्या इंटिग्रेटरला सांगितलं, आणि ह्याचा इंटरव्ह्यू म्हणजे मॉडबसवर वीस मिनिटं गप्पा, बस्स. रफिकभाईंनीही नोकरी सोडून तळवड्यात गाळा घेतला, स्वतःचं पॅनलचं काम.

जानेवारीत त्यानं सगळ्यांना शेतावर हुरड्याला बोलावलं. मला वाटलं कोण येतंय एवढ्या लांब. पण आले. पवार साहेब बायकोला बार्शीला सोडून, मॅडम नवरा आणि मुलीला घेऊन, रफिकभाई, तापकीर गल्लीतले शेठ सुद्धा. आगटीत गोवऱ्या पेटवलेल्या, कणसं भाजून सांदिपानचे वडील तळहातावर चोळून गरम हुरडा वाढत होते, बरोबर दही, गूळ, चटणी. ते प्रत्येकाला एकच विचारायचे, "आमचा काम करतो का नीट?" आणि प्रत्येक जण तोंडात हुरडा असताना मान हलवायचा. मॅडमच्या मुलीनं हुरडा कमी आणि गूळच जास्त खाल्ला.

तिथंच बांधावर बसून पवार साहेब आणि रफिकभाई बोलत होते. आधी एकमेकांना नावानं आणि त्या एका फोनपुरतंच ओळखायचे, बाकी सांदिपानच्या तोंडून ऐकलेलं. काय बोलत होते ते आम्ही काही ऐकलं नाही.

फेब्रुवारीत एके दिवशी सांदिपान तणतणत रूमवर आला. पवार साहेबांच्या प्लांटला नवीन कन्व्हेयर येतोय, त्याचं पॅनल रफिकभाईंना मिळालं, माल शेठ देणार, ड्राइव्हचं सिलेक्शन मॅडमनी करून पण दिलं, आणि ह्याला कुणी एका शब्दानं बोललं नाही. ह्यानं रागानं रफिकभाईंना फोन लावला, स्पीकरवर.

"भाई, मला सांगायचं तरी."

"तुला काय सांगायचं? तूच तर भेटवलंस सगळ्यांना. पॅनल गुरुवारी तयार होतंय, तुझ्या साहेबांना पवारांनी मेल टाकलाय, प्रोग्राम तुमच्याकडंच आहे. आणि हे बघ, येताना ते टर्मिनलचं लिस्टिंग मोठ्या अक्षरात काढून आण. इथल्या पोरानं इंग्रजीत काढलंय, मला काय दिसंना."

फोन ठेवून त्यानं एक शिवी हासडली आणि वही काढून लिस्टिंग करायला बसला.