भूजल व विहीर सल्ला : परिचय आणि सध्याची उपलब्धता

मी भूवैज्ञानिक असून रत्नागिरी, लांजा, राजापूर आणि गुहागर या चार तालुक्यांत विहिरी, विंधण विहिरी आणि झरे यांविषयी अर्धवेळ सल्ला देतो. भूजलाच्या शासकीय कामातून मी निवृत्त झालो असलो, तरी तेथील पदांची यादी येथे देत नाही, कारण ज्याची विहीर मार्च महिन्यात तळ गाठते त्याला तिचा उपयोग नाही.

सध्या माझा अधिक वेळ खाडीकाठच्या आणि समुद्रालगतच्या, हळूहळू खाऱ्या होत चाललेल्या विहिरींकडे जातो. होमस्टे किंवा नवी बाग सुरू झाली की पाण्याचा उपसा वाढतो, पाणी कमी पडले की विंधण विहीर आणखी खोल नेली जाते, आणि नेमके तेच बहुधा अंगाशी येते. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने त्यावर तरंगते. समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडे पाणी उभे असेल, तर त्याखाली साधारण ४० मीटर खोलीपर्यंत ते टिकून राहते, म्हणजेच उपशामुळे वरची पातळी कायमची अर्धा मीटर उतरली तर खालचे खारे पाणी कालांतराने २० मीटर वर सरकू शकते. आपल्या भेगाळ खडकात हे गणित तंतोतंत लागू पडत नाही, परंतु दिशा तीच राहते. अशा ठिकाणी मी पाण्याची पातळी आणि क्षार भरती-ओहोटीच्या वेळांनुसार मोजतो, पंप किती तास चालवावा हे ठरवून देतो आणि प्रयोगशाळेच्या अहवालाचा अर्थ समजावतो. पिण्याच्या पाण्यात क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २५० मिलिग्रॅम आहे, तेव्हा जिभेला चव कळेपर्यंत थांबू नये. अनेकदा माझा सल्ला खोदकाम थांबवण्याचाच असतो, आणि तो ऐकण्याची तयारी असेल तरच मला बोलवावे.

दुसरे काम सड्यावरील वाड्यांचे आहे. तेथे जांभ्यात मुरलेले पाणी खालच्या चिकण थरावर अडते आणि उताराच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. त्यामुळे झऱ्याचे तोंड सुरुंगाने मोठे करण्याऐवजी वरचे पाणलोट क्षेत्र राखणे अधिक हिताचे ठरते. झऱ्याचे पाणी बादली आणि घड्याळ वापरून दर पंधरवड्याला मोजण्याची पद्धत मी वाडीतील दोघा-तिघांना शिकवतो. पडून असलेल्या चिरेखाणीत पावसाचे पाणी साठवण्याची कल्पना मला हमखास सांगितली जाते. ती काही ठिकाणी उत्तम आहे, परंतु खाणीचा तळ कोणत्या थरात आहे हे पाहिल्याखेरीज मी होकार देत नाही. छतावरील पाण्याचा आराखडाही करून देतो. ३,००० मिलिमीटर पावसात १०० चौरस मीटर छतावर तीन लाख लिटर पाणी पडते. त्यातील मोठा भाग आपण आजही वहाळात सोडून देतो.

प्रत्यक्ष भेटीसाठी मी ऑक्टोबर ते मे या काळात मंगळवारी आणि गुरुवारी उपलब्ध असतो, आणि एका दिवशी एकच ठिकाण घेतो. शनिवारी सकाळी ९ ते १२ या वेळेत फोनवर बोलता येईल. पावसाळ्यात भेटी मोजक्याच होतात, तरी विहिरींच्या नोंदी आणि अहवाललेखन चालू असते. शिमग्यात पालखी घरी येऊन जाईपर्यंत आणि गणपतीत विसर्जन होईपर्यंत कामाचे निरोप पाहत नाही.

पहिल्या भेटीचे मानधन १,५०० रुपये आणि प्रत्यक्ष प्रवासखर्च असे असून, लेखी अहवालाची रक्कम भेटीनंतर व काम सुरू होण्यापूर्वी सांगितली जाते. वाडीच्या सार्वजनिक विहिरीसाठी पहिल्या भेटीचे मानधन घेत नाही. बोअर मारणारे किंवा पंप विकणारे यांच्याकडून मी कोणताही मोबदला स्वीकारत नाही आणि खोदकामाचा ठेकाही घेत नाही. पाणाड्याने आधीच जागा दाखवली असल्यास त्याच्याशी वाद घालायला मी येणार नाही. मात्र शेजारच्या पाच विहिरींची पातळी पाहिल्यानंतरच माझे मत देईन, आणि पाणी लागेलच अशी हमी त्यानंतरही देणार नाही.

भेट ठरवण्यापूर्वी व्हॉट्सॲपवर विहिरीची खोली, एप्रिल-मे महिन्यांतील पाण्याची पातळी, पंपाची अश्वशक्ती, रोजच्या उपशाचे तास आणि खाडी किंवा समुद्रापासूनचे अंदाजे अंतर कळवावे. पूर्वी पाण्याची तपासणी झाली असल्यास त्या कागदाचे छायाचित्रही पाठवावे. एवढ्यावरूनच माझी भेट अनावश्यक वाटली, तर तसे त्याच दिवशी कळवीन आणि त्याचे पैसे घेणार नाही.