विषय: बिल क्र. ०४१७ रद्द, बिल क्र. ०४३२ कायम – पैसे एकदाच द्यायचे आहेत

सावंत साहेब, नमस्कार.

काल रात्रीचा तुमचा मेल वाचला. "माल एकदाच आला, मग बिलं दोन कशी? आणि रुपयाचाही फरक नाही, तर बदललं काय?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. त्यात आमच्या सिस्टीममधून ९०,६२४ रुपये बाकी असल्याचा मेसेजही तुम्हाला गेला, तो चुकून गेला. तो सोडून द्या.

तुम्ही एकूण द्यायचे ते ४५,३१२ रुपयेच. त्यातले २०,००० तुम्ही ऑर्डर देतानाच पाठवले होते, ते नव्या बिलावर जमा केले आहेत. राहिले २५,३१२.

आता चूक कुठे झाली ते सांगते. आमच्या टॅलीत तुमची दोन खाती आहेत, एक कुडाळच्या दुकानाचं आणि दुसरं म्हापशाच्या नव्या दुकानाचं. नाव एकच. जीएसटी नंबरही बघताना सारखेच वाटतात, कारण मधली दहा अक्षरं तुमच्या पॅनची आहेत. सुरुवातीचे दोन आकडे मात्र वेगळे: कुडाळचा २७ ने सुरू होतो, म्हापशाचा ३० ने. १३ जानेवारीला बारा मिक्सर म्हापशाला रवाना झाले आणि बिल मात्र कुडाळच्या खात्यावर निघालं. ते बिल मीच केलं होतं.

दोन्ही बिलं शेजारी ठेवलीत तर वरचा भाग तोच दिसेल: ७५० वॅटचे १२ मिक्सर, दर ३,२००, मूळ रक्कम ३८,४००. खाली कराच्या ओळी बघा. ०४१७ मध्ये सीजीएसटी ३,४५६ आणि एसजीएसटी ३,४५६ असे दोन तुकडे आहेत. ०४३२ मध्ये एकच ओळ आहे, आयजीएसटी ६,९१२. कर दोन्हीकडे १८ टक्केच, त्यामुळे बेरीज तंतोतंत जुळते आणि गोंधळ होतो. कोल्हापूरहून गोव्यात माल गेला की आयजीएसटी लागतो, कुडाळला गेला असता तर पहिलं बिल बरोबर ठरलं असतं.

बेरीज तीच असताना एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. पण जुनं बिल तसंच ठेवलं असतं तर ६,९१२ रुपयांचं क्रेडिट कुडाळच्या नंबरावर दिसलं असतं, जिथे माल उतरलाच नाही. म्हापशाला मिक्सर विकताना तुम्हाला ते वापरता आलं नसतं, आणि कुडाळला घेतलं असतं तर उद्या त्याचा जाब तुम्हालाच द्यावा लागला असता. सुदैवाने जानेवारीचं आमचं जीएसटीआर-१ अजून भरायचं आहे, त्यामुळे ०४१७ आमच्याकडेच रद्द झालं, क्रेडिट नोटची भानगड उरली नाही. ११ फेब्रुवारीच्या आत आम्ही रिटर्न भरतो. १४ तारखेनंतर म्हापशाच्या जीएसटीआर-२बी मध्ये ०४३२ दिसेल. कुडाळच्या २बी मध्ये या मालाचं काहीही येता कामा नये. आलंच तर मला लगेच कळवा.

मालाच्या खोक्यासोबत आलेलं ०४१७ कृपया फाडू नका. ट्रान्सपोर्टच्या पावतीवर तोच नंबर आहे. त्यावर आडवी रेघ मारून "रद्द" लिहा आणि नव्या बिलाच्या मागे टाचून ठेवा. खरेदीच्या वहीत मात्र फक्त ०४३२, तेही म्हापशाच्या. कुडाळला नोंद झाली असेल तर तुमच्या सीएंना ती काढायला सांगा. हा मेल त्यांना तसाच पुढे पाठवलात तरी चालेल.

आमचं आणखी एक चुकलं. २० तारखेला नवं बिल पाठवताना "०४१७ ऐवजी" एवढे दोन शब्द शेऱ्यात लिहायला हवे होते आणि सोबत एक फोनही करायला हवा होता. दोन्ही राहिलं. शेरा घातलेली ०४३२ ची प्रत या मेलला जोडली आहे. नंबर तोच, तारीख तीच. तिसरं बिल आलं असं कृपया समजू नका!

उधारीचे ३० दिवस आम्ही नव्या बिलाच्या तारखेपासून धरले आहेत, म्हणजे २५,३१२ रुपये १९ फेब्रुवारीपर्यंत आले तरी चालतील. बँक खातं नेहमीचंच. पैसे पाठवताना ०४३२ हा नंबर तेवढा टाका.

पुढच्या वेळी असं होऊ नये म्हणून टॅलीत खात्यांची नावं "सावंत – कुडाळ" आणि "सावंत – म्हापसा" अशी करून घेतली आहेत. ऑर्डर देताना तुमच्या मुलाने गावाचं नाव सांगितलं तर आणखी बरं. अजून काही अडलं तर दुकानाच्या नंबरवर फोन करून मला बोलवा. सोमवारी दुकान बंद असतं, बाकी रोज सात वाजेपर्यंत मी आहे.

झालेल्या त्रासाबद्दल माफ करा.

आपली,
मनीषा
बिलिंग, कोल्हापूर
२२ जानेवारी २०२६

सोबत: बिल क्र. ०४३२, शेऱ्यासह